पदविकेच्या अहवालातले नववे पान

"सदर कालावधीत मला कंपनीतील विविध विभागांचे कामकाज जवळून पाहण्याची संधी मिळाली. माझे संवादकौशल्य, संघभावना व वेळेचे नियोजन यांत लक्षणीय सुधारणा झाली. सुरुवातीला नवीन वातावरणाशी जुळवून घेणे आव्हानात्मक वाटले, परंतु वरिष्ठांच्या मार्गदर्शनामुळे मी त्यावर मात केली."

व्यवस्थापन पदविकेचे इंटर्नशिप अहवाल तपासायला घेतले की नवव्या-दहाव्या पानावर हा परिच्छेद कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतोच. बहुतेक अहवाल इंग्रजीत असतात, तिथे तो इंग्रजीत भेटतो, एवढाच फरक. यात खोटे काही नसते. तरीही नाव झाकले तर हा मुलगा बँकेत होता, हॉटेलात होता की गाड्यांच्या शोरूममध्ये, हे कुणाला सांगता येणार नाही. आधीची आठ पाने कंपनीचा इतिहास, संचालक मंडळ आणि उत्पादनांची छायाचित्रे यांनी भरलेली असतात आणि ती कंपनीच्या संकेतस्थळावरही मिळतात. विद्यार्थ्याने स्वतः लिहायचे असते ते मधले प्रकरण: काय काम केले, काय शिकलो, कुठे अडलो. नेमके तेच कुणाचेही असू शकते असे उतरते.

मुलांना लिहिता येत नाही, हे याचे एक कारण सांगितले जाते. मला ते पटत नाही. हीच मुले तोंडी परीक्षेत 'तिथे गडबड काय झाली?' असा साधा प्रश्न विचारला की दहा मिनिटे न थांबता बोलतात. दोष त्या तीन मथळ्यांच्या मांडणीत आहे. कॉलेजच्या नमुन्यात कामे, कौशल्ये आणि अडचणी असे तीन वेगळे रकाने असतात. मग विद्यार्थी प्रत्येक रकान्यासाठी वेगळी यादी शोधत बसतो आणि यादी करायची म्हटली की 'संघभावना'च सुचते. प्रत्यक्षात या तीन गोष्टी एकाच धाग्यातल्या असतात. एखादे काम करताना माणूस कुठेतरी अडतो, आणि ती अडचण सोडवताना जे जमू लागते तेच कौशल्य. मथळे तीन ठेवायला हरकत नाही, कारण गुणपत्रिका त्यांनुसारच असते. पण तिन्हींत एकाच कामाचा माग लागला पाहिजे. म्हणजे काय, हे एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, एका विद्यार्थिनीची आठ आठवड्यांची इंटर्नशिप चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात आहे. तिला दिले आहे देखभाल विभागाचे स्टोअर. कच्च्या मालाचे मोठे गोदाम हे नव्हे. मशीन बंद पडले तर लागणारी बेअरिंगे, ऑइल सील, नटबोल्ट, वॉशर, वायर, पट्टे आणि हातमोजे असा शेकडो प्रकारचा माल इथे रॅकवर असतो. स्टोअर सांभाळणारे काका पंधरा-वीस वर्षे तिथेच आहेत. कोणती वस्तू कुठे, हे त्यांना तोंडपाठ आहे आणि संगणकाला थोडे कमी माहीत आहे. तिला सांगितले गेले, 'संगणकातला साठा आणि रॅकवरचा साठा जुळतो का बघा.'

आता पहिला रकाना, कामाचा. इथे विद्यार्थी बहुधा विभागाचे काम स्वतःचे म्हणून लिहून टाकतो: 'खरेदी, साठवणूक व वितरण प्रक्रिया हाताळली.' आठ आठवड्यांच्या पाहुण्याला कुणी खरेदी हाताळू देत नाही, हे परीक्षकाला ठाऊक असते. त्यामुळे या एका वाक्याने पुढच्या सगळ्या पानांवरचा विश्वास उडतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक कामापुढचे क्रियापद तपासायचे. मी ते पाहिले, त्यात मदत केली, की स्वतः केले? आमच्या मुलीने माल आत येताना पाहिला. गेटवर नोंद होते, पुरवठादाराचे चलन आणि बिल खरेदी आदेशाशी ताडले जाते, गुणवत्ता विभाग माल तपासून मोकळा करेपर्यंत तो वेगळ्या जागी ठेवला जातो. मग माल मिळाल्याची नोंद होते, जिला कारखान्यात सगळे जीआरएन म्हणतात, आणि माल रॅकवर जातो. हे सगळे तिने नुसते पाहिले. रॅकवरच्या बिन कार्डावर आवक-जावक लिहायला तिने काकांना मदत केली. आणि मोजणी तिने स्वतः केली. एवढे तीन वाक्यांत स्पष्ट लिहिले की प्रकरणाचा पाया घातला गेला. उरलेली जागा तिसऱ्या कामाला द्यायची, कारण सांगण्यासारखे तिथेच काही घडले.

मोजणी कशी केली, हेही लिहावे लागते. शेकडो वस्तू एका वेळी मोजणे शक्य नव्हते, म्हणून तिने चाळीस निवडल्या. निवड आंधळी नव्हती. साठ्याच्या व्यवस्थापनात एबीसी वर्गवारी म्हणून एक जुनी पद्धत आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एच. फोर्ड डिकी यांनी 1951 मध्ये ती मांडली. थोड्याच वस्तूंत साठ्याचा बहुतेक पैसा अडकलेला असतो, त्या 'ए'. मधल्या 'बी'. आणि संख्येने पुष्कळ पण किमतीने किरकोळ अशा 'सी'. हा धडा विद्यार्थिनीने वर्गात शिकलेला असतो. अहवालात मात्र बहुतेक जण त्याची व्याख्या पुन्हा लिहून काढतात. व्याख्येला गुण नाहीत. त्या व्याख्येमुळे तिने काय वेगळे केले, याला आहेत: तिन्ही वर्गांतल्या वस्तू घेतल्या, पण महागड्या जास्त घेतल्या.

पहिल्या मोजणीत चाळीसपैकी एकोणतीस वस्तू जुळल्या, अकरा जुळल्या नाहीत. म्हणजे साठ्याची अचूकता साडेबहात्तर टक्के. तिसऱ्या आठवड्यात असा आकडा हाती लागला की विद्यार्थी हुरळतो. स्टोअरमध्ये एवढा गोंधळ आहे आणि तो मी शोधला! तिथेच थांबून अहवाल लिहिला तर छानसा आलेख काढता येतो. काकांनी तिचा कागद पाहिला आणि एवढेच म्हणाले, "ताई, रात्रीच्या स्लिपा अजून चढल्या नाहीत."

भानगड अशी होती. रात्रपाळीत मशीन बिघडले की फिटर स्टोअरमधून बेअरिंग नेतो आणि हाताने लिहिलेली इश्यू स्लिप क्लिपला लावून जातो. त्या स्लिपा संगणकात दुपारपर्यंत चढतात. ही मुलगी मोजत होती सकाळी साडेनऊला. 6204 क्रमांकाची बेअरिंगे संगणकात सेहेचाळीस दिसत होती, रॅकवर अडतीस होती, आणि क्लिपला आठ बेअरिंगांच्या स्लिपा लटकत होत्या. म्हणजे माल गायब नव्हता, नोंद मागे होती. हिशेबनीस याला कटऑफ म्हणतात: ज्या क्षणी मोजले, त्या क्षणापर्यंतच्या सगळ्या नोंदी धरल्या का? तसे करून पाहिल्यावर अकरापैकी सात फरक नाहीसे झाले. छत्तीस वस्तू जुळत होत्या, अचूकता नव्वद टक्के.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा परिच्छेद हाच आहे, आणि विद्यार्थी नेमका तोच गाळतात. आपली पहिली मोजणी चुकीच्या वेळी झाली होती, हे लिहायला त्यांना कमीपणा वाटतो. पण परीक्षकाच्या दृष्टीने इथे काम, अडचण आणि कौशल्य तिन्ही एकाच जागी उभे आहेत. 'मला इन्व्हेंटरी मॅनेजमेंट समजले' या वाक्यातून काही कळत नाही. 'मोजणीच्या आधी न चढलेल्या स्लिपा जमा केल्याशिवाय फरकाचा आकडा सांगू नये, हे समजले' या वाक्यातून कळते, कारण तो माणूस उद्या दुसऱ्या कारखान्यात गेला तरी आधी क्लिप शोधेल.

उरलेल्या चार फरकांपैकी दोन तर फारच बोलके होते. एक आठ मिलिमीटरच्या वॉशरचा. संगणक म्हणत होता 3,600 नग, रॅकवर होते 6,200 च्या आसपास. माल जास्त आहे म्हटल्यावर कुणी तक्रार करत नाही, म्हणून असे फरक वर्षानुवर्षे तसेच राहतात. तिने खरेदीची कागदपत्रे पाहिली. वॉशर किलोवर विकत घेतले जातात आणि नगावर दिले जातात. संगणकात कुणीतरी कधीतरी भरून ठेवले होते की एका किलोत 500 नग बसतात, म्हणजे एक वॉशर दोन ग्रॅमचा. तिने शंभर वॉशर मोजून काट्यावर ठेवले तर वजन भरले 184 ग्रॅम. म्हणजे एक नग 1.84 ग्रॅमचा आणि किलोत सुमारे 543. वीस किलोची खेप आली की संगणकात दहा हजार चढतात आणि प्रत्यक्षात 10,870 च्या आसपास येतात. दर खेपेला साधारण 870 वॉशर विनानोंद रॅकवर साठत होते. शेवटच्या वार्षिक मोजणीनंतर तीन खेपा आल्या होत्या. तीन वेळा 870 म्हणजे 2,610. तिच्या मोजणीतला फरक होता 2,580. उरलेले तीस कुठे घरंगळले ते शोधायला कुणी जाणार नाही, आणि जाऊही नये.

दुसरा फरक उलट्या दिशेचा होता. विजेच्या वायरची गुंडाळी बाजारात 90 मीटरचीही मिळते आणि 100 मीटरचीही. पुरवठादार 90 मीटरची देत होता आणि संगणक प्रत्येक गुंडाळीला 100 मीटर धरत होता. तीन गुंडाळ्या संपल्या तेव्हा पडद्यावर 30 मीटर वायर शिल्लक दिसत होती आणि रॅक रिकामा होता. वॉशरच्या चुकीने फार तर काहीशे रुपयांचा माल जास्त पडून राहिला. वायरच्या चुकीने मात्र रात्री दोन वाजता फिटरला हात हलवत परत जावे लागले असते आणि मशीन सकाळपर्यंत बंद राहिले असते. मुळात चूक एकच, एककाच्या रूपांतराची. परिणाम मात्र साफ वेगळे. ही तुलना विद्यार्थिनीने अहवालात केली, तर तिला व्यवस्थापन कळू लागले आहे असे मी म्हणेन. तिने 'कंपनीची लाखो रुपयांची बचत झाली' असे लिहिले, तर मी वॉशरचा भाव विचारेन.

तिसरा फरक किरकोळ होता. एकच ऑइल सील दोन रॅकवर ठेवलेले होते आणि तिने एकच रॅक मोजला होता. चौथा मात्र सुटला नाही. हातमोज्यांच्या काही जोड्या कमी होत्या आणि कारण सापडले नाही. इथे विद्यार्थ्याचा हात चोरी हा शब्द लिहायला शिवशिवतो. तो आवरावा. पुरावा नसताना अहवालात असा शब्द गेला, तर पाळीतल्या प्रत्येक माणसावर बोट रोखले जाते, आणि अहवाल कंपनीतल्या मार्गदर्शकाच्या सहीसाठी जातो तेव्हा तो परतही येत नाही. 'चार फरकांपैकी एकाचे कारण इंटर्नशिपच्या काळात सापडले नाही' हे वाक्य पुरते. अहवालात एक तरी न सुटलेली गोष्ट असली की बाकीच्या सुटलेल्या गोष्टींवर विश्वास बसतो.

आता कौशल्यांचा रकाना. संवादकौशल्य, नेतृत्व, चिकाटी हे शब्द वापरू नयेत असे मी म्हणत नाही, पण प्रत्येकापुढे पुरावा ठेवता आला पाहिजे. पुरावा म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, एखादी घटना किंवा कागद. आमच्या मुलीने 'एमएस एक्सेलमध्ये प्रावीण्य' असे लिहिले तर ते शंभर जणांसारखे झाले. तिला खरे काय जमू लागले ते पाहा. तिच्या मोजणीच्या तक्त्यातला वस्तूचा सांकेतिक क्रमांक संगणकातल्या साठ्याच्या यादीत शोधायचा आणि शेजारचा आकडा उचलून आणायचा, यासाठी तिने VLOOKUP वापरले. निम्म्या ओळींत उत्तराऐवजी #N/A आले. क्रमांक तर डोळ्यांना दोन्हीकडे सारखेच दिसत होते. बराच वेळ गेल्यावर लक्षात आले की तिच्या तक्त्यात क्रमांकाच्या शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा टंकली गेली होती, आणि संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटत होते. ती जागा छाटणारे TRIM आत घातले आणि गाडी सुटली.

```
=VLOOKUP(TRIM(A2),Stock!A:D,4,FALSE)
```

हे एवढे कौशल्य. वाचायला किरकोळ वाटते, पण नोकरीच्या मुलाखतीत कुणी 'एक्सेल येते का?' विचारले तर सांगण्यासारखे हेच असते. शिवाय यातली आणखी एक खुबी तिने नोंदवावी: शेवटी FALSE लिहिले नाही, तर हे सूत्र तंतोतंत जुळणी न शोधता जवळपासची शोधते आणि चुकीचा आकडा बिनबोभाट आणून ठेवते. #N/A निदान ओरडून सांगतो की काहीतरी चुकले आहे.

संवादकौशल्याचेही तसेच. पहिल्या आठवड्यात ती स्टोअरमध्ये वही घेऊन उभी राहायची तेव्हा फिटर मंडळी गप्प व्हायची. वही घेतलेला माणूस म्हणजे ऑडिट, आणि ऑडिट म्हणजे कुणाचे तरी मेमो, हे कारखान्यातले साधे गणित. तिने काकांनाच सोबत घेतले आणि मोजणीची वेळ त्यांना विचारून ठरवली. फरक आढळला की तो आधी त्यांना दाखवायचा आणि मग साहेबांना, असा क्रम तिने पाळला. रात्रीच्या स्लिपांची गोष्ट तिला त्यामुळेच कळली. साहेबांच्या केबिनमधून ती कधीच कळली नसती. अहवालात 'संवादकौशल्य' या शब्दाखाली हा क्रम लिहिला तर शब्दाला वजन येते.

काही कॉलेजांत या प्रकरणासाठी ग्रॅहम गिब्ज यांनी 1988 मध्ये मांडलेले चक्र देतात: काय घडले, काय वाटले, चांगले-वाईट काय, त्याचे विश्लेषण, निष्कर्ष, पुढची योजना. साधन वाईट नाही. पण त्यातल्या दुसऱ्या पायरीपाशी आपली मुले गांगरतात. वॉशर मोजताना काय वाटले, हे त्यांना विचारले जात आहे असे त्यांना वाटते आणि मग 'मी उत्साहित झालो' अशी वाक्ये जन्माला येतात. स्टोअरसारख्या कामात ती पायरी दोन ओळींत उरकून चौथ्या पायरीवर, म्हणजे कारणांवर, मुक्काम करावा.

अडचणींच्या रकान्यात दोन वाक्ये हमखास असतात. एक, 'वेळ कमी पडला.' दोन, 'कंपनीने गोपनीयतेमुळे माहिती दिली नाही.' दोन्ही खरी असतात आणि दोन्ही निरुपयोगी. वेळ सगळ्यांनाच कमी पडतो. कमी पडल्यामुळे काय सोडून दिले आणि तेच का सोडले, हे सांगितले तर तो निर्णय ठरतो. आमच्या मुलीने शेकडोंऐवजी चाळीस वस्तू घेतल्या, हा तसा निर्णय होता. गोपनीयतेचेही उपाय आहेत. पुरवठादाराचे नाव न देता 'पुरवठादार क' म्हणता येते. भाव न देता पहिल्या महिन्याचा भाव 100 धरून पुढचे प्रमाणात दाखवता येतात. काय छापायचे आणि काय नाही, हे दुसऱ्याच आठवड्यात कंपनीतल्या मार्गदर्शकाला विचारून घ्यावे. शेवटच्या आठवड्यात विचारले तर भीतीपोटी सगळ्यालाच नकार मिळतो.

तिची खरी अडचण वेगळीच होती. रूपांतराचा आकडा चुकीचा आहे हे तिला कळले होते, पण तो बदलण्याचा अधिकार तिला नव्हता, काकांनाही नव्हता. वस्तूच्या मूळ नोंदीत बदल करायचा तर खरेदी आणि हिशेब या दोन्ही विभागांची संमती लागते, आणि ते योग्यच आहे, कारण एककाचा आकडा बदलला की पडद्यावरच्या साठ्याची किंमतही बदलते. तिने शंभर वॉशरच्या वजनाचा कागद, तीन खेपांची बिले आणि मोजणीचा तक्ता जोडून एक पानी टिपण दिले. वायरचा आकडा ती असतानाच दुरुस्त झाला. वॉशरचा झाला नाही. तो 'सी' वर्गातला माल, कुणाला घाई नव्हती. वर्षअखेरच्या मोजणीच्या वेळी बघू, असे उत्तर मिळाले. हे उत्तर तिने जसेच्या तसे अहवालात लिहावे. 'कंपनीने दुर्लक्ष केले' असा सूर लावायची गरज नाही, कारण घाई न करण्यामागचा विचार चुकीचा नव्हता.

आता शेवटच्या आकड्याकडे येऊ, कारण तिथे बहुतेक अहवाल घसरतात. सातव्या आठवड्यात तिने पुन्हा चाळीस वस्तू मोजल्या आणि या वेळी अडतीस जुळल्या. म्हणजे पंचाण्णव टक्के. आता मोह असा होतो: 'माझ्या प्रकल्पामुळे साठ्याची अचूकता 72.5 टक्क्यांवरून 95 टक्क्यांवर गेली.' साडेबावीस टक्क्यांची सुधारणा! सादरीकरणात हिरवा बाण काढता येतो. पण पहिला आकडा स्लिपा न धरता काढलेला होता आणि दुसरा स्लिपा धरून. दोन वेगळ्या मोजपट्ट्यांची ही तुलना आहे. खरी तुलना नव्वद आणि पंचाण्णव यांची, म्हणजे छत्तीस आणि अडतीस वस्तूंची. फरक दोन वस्तूंचा. त्यांतली एक वायर, जी दुरुस्त झाली हे आपल्याला माहीत आहे. दुसरी ऑइल सील, ज्याचे दोन रॅक आता तिला माहीत होते. ही सुधारणा तिच्या मोजणीतली, स्टोअरमधली नव्हे. तेव्हा तिने स्टोअरमध्ये घडवलेला बदल म्हणजे वायरची एक दुरुस्ती. शिवाय दोन्ही वेळा तेच चाळीस नग घेतले असतील तर उरलेल्या शेकडो वस्तूंबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही, आणि दुसऱ्या वेळी वेगळे घेतले असतील तर तुलनाच लंगडी पडते.

हे सगळे लिहिले तर गुण कमी होतील का, अशी भीती विद्यार्थ्यांना वाटते. तोंडी परीक्षेला बाहेरून येणारा परीक्षक बहुधा कारखान्यातला किंवा कारखाना पाहिलेला असतो. 72.5 वरून 95 दिसले की त्याचा पहिला प्रश्न असतो, 'मोजणी किती वाजता केली?' त्या प्रश्नाचे उत्तर अहवालात आधीच असेल तर बोलणे पुढे सरकते: स्लिपा वेळेवर चढवायच्या तर काय करावे लागेल, रात्रपाळीला संगणक का देत नाहीत, असे. नसेल तर उरलेला वेळ त्याच एका आकड्याभोवती जातो.

एवढा तपशील शेवटच्या आठवड्यात आठवत नाही, ही यातली व्यावहारिक बाब. कॉलेज रोजची डायरी मागते आणि मुले ती अहवालाच्या आदल्या रात्री, एकाच पेनाने, एका बैठकीत भरतात. ती ओळखू येते. साठ दिवसांचे अक्षर एकसारखे आणि रविवारच्या तारखेलाही हजेरी. डायरीत रोज 'स्टोअरचे काम केले' असे लिहिण्यापेक्षा त्या दिवशी मोजलेला एक आकडा आणि न कळलेली एक गोष्ट, एवढ्या दोन ओळी पुरतात. 184 ग्रॅम हा आकडा त्या दिवशी टिपला नसता तर वॉशरची सगळी गोष्ट 'काही वस्तूंच्या नोंदींत तफावत आढळली' या वाक्यात विरून गेली असती.

आणि मग ते प्रकरण किती पानांचे व्हावे? सात-आठ पाने पुष्कळ झाली. मुंबईकडे ज्याला ब्लॅक बुक म्हणतात, त्या काळ्या कव्हरच्या जाड वहीला शंभर पाने हवीत असा एक समज आहे आणि झेरॉक्सवाले तो जपतात. कंपनीच्या इतिहासाची पाने निम्मी केली तर जागा आपोआप होते. मोजणीचा मूळ तक्ता, न चढलेल्या स्लिपांची यादी आणि कंपनीला दिलेले एक पानी टिपण ही परिशिष्टे जोडावीत, अर्थात मार्गदर्शकाची परवानगी असेल तर. बेअरिंगच्या ओळीपुढे मोजणीची वेळही लिहावी: सकाळी 9.30.